लाव्ही आणि तिची पिल्लं

गेल्या आषाढात नातीनं मला मोबाईलवर एक फोटो पाठवला. आमच्याच बाजरीच्या बांधाकडंची गाडीवाट. वाटेवर एक बारकं मातकट पाखरू, एक पाय उचललेलं, आणि त्याच्या मागं मुंग्यांसारखी तीन पिल्लं. खाली तिनं लिहिलं होतं, "आबा, लाव्ही आणि तिची पिल्लं. बरोबर ना?"

मी चष्मा न लावताच "बरोबर" असं लिहून पाठवलं.

ते बरोबर नव्हतं. लाव्ही बरोबर नव्हती आणि 'तिची' तर अजिबातच नव्हती. पण ते मला चार दिवसांनी कळलं, आणि कळल्यावर जी गोष्ट डोक्यात आली ती थेट बहात्तर सालात घेऊन गेली. ती सांगण्याआधी, मी हे फोटो ओळखायच्या फंदात कसा पडलो ते सांगायला पाहिजे.

आमचं गाव पारनेर तालुक्यात, पठारावर. आता जिल्ह्याला अहिल्यानगर म्हणतात, आमच्या तोंडी अजून नगरच आहे. जमीन हलकी, पाऊस थोडा, बाजरी, मटकी, हुलगा आणि पाणी असंल तिथं वाटाणा नाहीतर कांदा. असल्या रानात जमिनीवर चालणारी पाखरं भरपूर. मोर, तितर, लाव्ह्या. माझं शिक्षण दहावीपर्यंत, पण या पाखरांच्या मागं मी लहानपणापासून फिरलेलो. त्यामुळं पोरांच्या हातात मोबाईल आले तसे फोटो माझ्याकडं यायला लागले. पुतण्या पाठवतो, शेजारच्या वस्तीवरची सून पाठवते, अकोल्याकडं दिलेल्या लेकीचा नवरा पाठवतो. "तात्या, हे काय?" "मामा, ही रानकोंबडी का?" मला वाटायचं, यात काय अवघड आहे. रानात चाळीस पावलांवरनं मी ओळखतो, मग फोटोत का नाही?

तर रानात ओळखणं वेगळं आणि फोटोत वेगळं. रानात आपण पाखरू बघतच नाही निम्म्या वेळा. त्याचा आवाज ऐकतो, उडायची तऱ्हा बघतो, पायाखालनं भुर्रकन गेलं का लांबनं पळालं ते बघतो. फोटोत यातलं काहीच नसतं. आणि सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे आकार. पोरं झूम करून फोटो काढतात, आणि झूम केलेल्या फोटोत लाव्ही कोंबडीएवढी दिसते.

यावर मला उपाय सापडला तो ठिबकच्या नळीत. आमच्याकडं आता निम्म्या रानात सोळा एमएमची नळी पसरलेली असते, आणि तिच्यावर चाळीस-चाळीस सेंटिमीटरवर पाणी ठिबकायची भोकं. पाखराच्या शेजारी नळी आली असंल तर मोजमाप झालंच. लाव्ही पंधरा-सतरा सेंटिमीटरची, म्हणजे दोन भोकांच्या मधल्या अंतराच्या निम्म्याहून कमी. तितर तेहेतीसच्या आसपास, म्हणजे ते अंतर जवळजवळ भरून काढणारं. लांडोर दोन हात लांब, तिच्यापुढं दोन भोकं पुरत नाहीत. नळी नसंल तिथं शेणाची पोव, बाभळीची शेंग, बैलाच्या खुराचा ठसा, काहीतरी असतंच. मी आता सगळ्यांना सांगतो, नुसतं पाखरू काढू नका, भोवतीचं रान येऊ द्या.

मोराचं म्हणाल तर लोकांना वाटतं त्यात ओळखायचं काय? पिसारा असला की मोर, नसला की लांडोर. इथंच फसतात. पाऊस सरता सरता मोर पिसारा गाळतो. श्रावण-भाद्रपदात रानात पिसं पडलेली सापडतात, पोरं गोळा करून वह्यांत ठेवतात. मग दसरा-दिवाळीला तोच मोर बोडका हिंडत असतो. अशा वेळचे फोटो मला दरसाल 'लांडोर' म्हणून येतात. बोडका झाला तरी त्याची मान निळी ती निळीच राहते. लांडोरीच्या मानेला खाली हिरवी झाक असते, निळी नसते, आणि पोट मळकट पांढरं. मान उन्हाच्या उलट बाजूला असंल तर फोटोत ती काळी दिसते, मग मी पंख बघतो. मोराच्या पंखाची टोकाकडची मोठी पिसं विटकरी असतात, लांडोरीची तपकिरी. नुसता बसलेला असंल तरी विटकरी कड डोकावते. उडतानाचा फोटो असला तर प्रश्नच मिटला.

हीच विटकरी कड वर्षाच्या आतल्या पोरगेल्या मोराला पण ओळखू देते. तो बाकी हुबेहूब लांडोर असतो. आमच्या पुतण्यानं एकदा 'चार लांडोरी' असा फोटो पाठवला होता, त्यातल्या दोन पोरगे मोर निघाले. पुतण्या म्हणला, "तात्या, तुम्ही काहीबी सांगता." दुसऱ्या साली त्यातल्या एकाच्या मानेनं रंग धरला तेव्हा गप बसला.

पिल्लांचा किस्सा तीन वर्षांपूर्वीचा. शेजारच्या वस्तीवर बाजरीत कोळपं चाललं होतं. कोळप्यापुढनं पिल्लं निघाली आणि पोरांनी ती पाटीत गोळा केली. सुनेनं फोटो पाठवला, "मामा, तितराची चार पिल्लं सापडली, कोंबडीखाली लावू का?" पाटीत तळाला चार गोळे. पाटी दिसत असल्यामुळं आकाराचा अंदाज आला आणि तिथंच मनात पाल चुकचुकली. तितराचं पिल्लू असल्या पाटीत लिंबाएवढं दिसायला पाहिजे. ही त्याच्या दुप्पट होती, पायानं उंच. तितराच्या पिल्लाच्या पाठीवर फिकट-तपकिरी लांब पट्टे असतात, जुन्या घोंगडीच्या काठासारखे. या पिल्लांची अंगं पिवळसर, आणि मानेच्या मागं गडद तपकिरी डाग, तो डोळ्यापर्यंत ओढलेला. मोराची पिल्लं. तुरा अजून नव्हता. तो थोडं वाढल्यावर येतो, म्हणून तुरा नाही म्हणजे मोर नाही असं म्हणता येत नाही.

मी चप्पल घालून तसाच गेलो. म्हणलं, "कोंबडीखाली नको, जिथनं उचलली तिथंच ठिवा, आन कोळपं आज दुसऱ्या रानात न्या." सून म्हणाली, "पन आईच न्हाई ना तिथं." लांडोर अशा वेळी समोर येत नाही, पिकात दडून बसते, माणूस हललं की येते. पोरांना बांधापलीकडं घेऊन बसलो. दिवस मावळायच्या आत ती आली. पहिल्यांदा नुसती मान बाजरीच्या वर, मग एक बारीक आवाज, आणि चारही पिल्लं तिच्याकडं पळाली. पोरं म्हणत होती राष्ट्रीय पक्षी आहे, पोलीस धरतील का? १९६३ साली मोराला तो मान मिळाला आणि कायद्यानंही त्याला मोठं संरक्षण आहे, हे खरं. पण पिल्लं उचलणाऱ्या पोरांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना ती अनाथ वाटली.

तितराच्या फोटोत मी नर-मादी सांगायचं सोडून दिलंय. आमच्याकडं जो राखी तितर आहे त्याचा गळा फिकट, आणि गळ्याभोवती काळी बारीक रेघ, गळसरीसारखी. अंगभर बारीक आडव्या रेघा, पाय तांबूस. नर तसाच, मादी तशीच. फरक एवढाच की नराच्या पायामागं कोंबड्यासारखा टोकदार काटा असतो, मादीला बहुधा नसतो किंवा नुसता फोड असतो. आता हे पाखरू कायम गवतात. पाय दिसले तर सांगावं, नाही तर 'तितर, नर का मादी सांगता येत नाही' एवढंच लिहावं. लोकांना हे उत्तर आवडत नाही. त्यांना वाटतं म्हाताऱ्याला येत नाही. पिल्लांबरोबर दिसलं की मादी असंही धरता येत नाही, कारण जोडी बऱ्याचदा बरोबर हिंडते. पठारावर कधीतरी रंगीत तितरही सापडतो. त्याच्या अंगावर पांढरे गोल ठिपके, तोंड तांबूस, आणि गळ्याची ती काळी रेघ नाही. दोघांचे आवाज एवढे वेगळे की आंधळ्यालाही कळावं, म्हणून मी पोरांना सांगतो, पाखरू झाडीत गेलं तरी व्हिडिओ लगेच बंद करू नका. चित्र नसू द्या, आवाज येऊ द्या.

रानकोंबडीचे फोटो जावईच पाठवतात, कारण ती आमच्या पठारावर नाही. ती सह्याद्रीच्या बाजूला, अकोले तालुक्यात, भंडारदरा-रतनवाडीकडच्या झाडीत आणि हरिश्चंद्रगडाच्या अंगाला. मी तिकडं लेकीकडं जातो तेव्हा पहाटे रानकोंबड्याची बांग ऐकतो. गावच्या कोंबड्यासारखी ती लांबत नाही, मधेच तुटते. शाळेच्या तक्त्यावर रानकोंबडा तांबडा दाखवतात, तो उत्तरेकडचा आणि पूर्वेकडचा. आपल्या सह्याद्रीतला राखी. नराच्या मानेवरच्या पिसांना पिवळे चमकदार ठिपके असतात, मेणाचे थेंब पडल्यासारखे. ही मानेची पिसं पूर्वी मासे धरायच्या गळाला लावायला विलायतेत जात. त्यापायी किती कोंबडे गेले असतील कुणास ठाऊक.

नर ओळखायला फोटोच लागत नाही, घोळ कोंबडीचा. जावयांनी पाठवलेल्या फोटोत पाचोळ्यात दोन विटकरी रंगाची पाखरं होती. खाली लिहिलं होतं, "रानकोंबडी आणि तिचं मोठं झालेलं पिल्लू." मी ते मोठं करून बघितलं. राखी रानकोंबडीची पाठ तपकिरी असली तरी छाती-पोट पांढरं असतं आणि त्या पांढऱ्या पिसांना गडद कड, म्हणून पोट माशाच्या खवल्यासारखं दिसतं. पाय पिवळसर. इथं दोन्हींची पोटं खवल्याची नव्हती, पाय तांबडे, डोळ्याभोवती तांबडी उघडी कातडी, आणि शेपूट कोंबडीसारखी उभी न धरता खाली सोडलेली. ही चकोत्री. मी जावयांना लिहिलं, "चकोत्री दिसते. तुम्ही पिल्लू म्हणता ती तिची जोडीदारीण." चकोत्रीच्या मादीच्या पायालाही काटे असतात, तेव्हा काटा दिसला म्हणून नर म्हणायची सोय तिथं नाही. म्हणजे तितरात जी खूण चालते तीच चकोत्रीत फसवते. जावई शिकलेले, शिक्षक आहेत. त्यांनी फोन करून विचारलं, "मामा, तुम्ही नक्की दहावीच का?" मला बरं वाटलं हे खोटं कशाला सांगू.

असं सगळं चाललेलं असताना, थोडा फुगलेला असताना, नातीचा तो फोटो आला आणि मी चष्मा न लावता "बरोबर" म्हणलो.

चौथ्या दिवशी गावचाच एक पोरगा सुट्टीला आला. पुण्यात नोकरी, पाखरं बघायचा नाद, गळ्यात दुर्बीण. नातीनं त्याला फोटो दाखवला. तो माझ्या मोबाईलवर बघून म्हणला, "यात काय दिसत नाही. मूळ फोटो पाठव, डॉक्युमेंट करून." तेव्हा मला कळलं की व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून बारीक होतो आणि बारकावे जातात. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो. नातीनं पाठवला. त्यानं दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, आणि उचललेल्या पायावर थांबला.

"आबा, बोटं मोजा."

तीन. पुढं तीन बोटं, मागं काहीच नाही. लाव्ही असो, तितर असो, कोंबडी असो, मागं एक बारकं बोट असतंच. जमिनीवर टेकलेल्या पायात ते दिसंलच असं नाही, पण उचललेल्या पायात दडायला जागा नसते. मग त्यानं डोळा दाखवला. पांढरट, काचेच्या गोटीसारखा. लाव्हीचा डोळा असा नसतो. चोच आणि पाय शिशाच्या रंगाचे. छातीवर काळ्या आडव्या रेघा.

"ही लाव्ही नाही. इंग्रजीत हिला बटनक्वेल म्हणतात. दिसायला लाव्ही, पण गोत टिटवीच्या बाजूचं."

मी म्हणलं, "आसंल. आमी तीन बोटांची म्हनूनच वळखायचो हिला ल्हानपनी. फोटोत पाय दिसला न्हाई म्हनून चुकलं." तेवढ्यावर मी सुटलो असतो. पण तो पुढं म्हणला, "आणि आबा, ही 'ही' नाही. हा नर आहे. पिल्लांचा बाप."

नात हसायला लागली. मला वाटलं पोरगा थट्टा करतोय. त्यानं पिशवीतनं सलीम अलींचं पुस्तक काढून चित्र दाखवलं. शेजारी शेजारी दोन पाखरं. एक थोडं मोठं, गळा आणि छातीचा मधला भाग काळाभोर. दुसरं लहान, फिकट गळ्याचं, आमच्या फोटोतलं. काळ्या गळ्याची ती मादी. ती घुमते, दुसऱ्या माद्यांशी भांडते, नर धरते, तीन-चार अंडी घालते आणि निघून जाते दुसऱ्या नराकडं. अंड्यांवर नर बसतो, बारा-तेरा दिवस. पिल्लं निघाली की अंग वाळताच चालायला लागतात, ती त्याच्याच मागं.

"मग आई कुठंय?" नातीनं विचारलं.

"असंल पुढच्या बांधाला," पोरगा म्हणला.

मी काही बोललो नाही. मला वडील दिसत होते.

बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी काढला त्यांना सांगायला नको. मी बारा वर्षांचा होतो. मिलोची भाकरी, सुकडी, आई-वडील दोघं खडी फोडायच्या कामावर. विहिरीनं तळ गाठला होता, तरी तिच्याजवळ एक ओला हिरवा पट्टा राहिला होता. त्या पट्ट्यात पाखरं उतरत. वडील घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फास करून तिथं लावत. सकाळी मी त्यांच्याबरोबर जायचो. त्याच साली वन्यजीवांचा कायदा झाला, पण आम्हाला तेव्हा रेशनच्या रांगेपलीकडचं काही ठाऊक नव्हतं. एका पाखराचं मांस किती असणार? मुठीत मावेल तेवढं. तरी त्या दिवशी कालवण व्हायचं.

वडिलांचा एक नियम होता. फासात ही तीन बोटांची लाव्ही आली की ते तिला पालथी करून गळा बघत. काळ्या गळ्याचं पाखरू ते ठेवत, फिकट गळ्याचं सोडून देत. मी उपाशी पोटी विचारलं होतं, "ह्ये का सोडलं?"

"मादी हाय ती," वडील म्हणाले. "मादी मारली तर पुढल्या साली काय खाशील?"

मोर रंगीत, कोंबडा रंगीत, मग काळ्या गळ्याचा तो नर, आणि मातकट ती मादी. त्यात त्यांचं काय चुकलं? पावसाळ्यात संध्याकाळी बांधाकडनं डुर्र्र्र असा आवाज यायचा, आज ऐकला तर वाटावं लांब कुणी बुलेट चालवतंय. वडील म्हणायचे, "नर घुमतोय." ती मादी होती. दुष्काळ सरल्यावरही पाच-सहा वर्षं ते फास लावत, मग सोडून दिलं. एवढ्या वर्षांत काळ्या गळ्याची जेवढी पाखरं आमच्या घरात शिजली ती सगळी अंडी घालणारी होती.

रात्री मला झोप लागली नाही. आमच्या मंडळींनी विचारलं, "काय दुखतंय का?" पाखराचं सांगितलं तर हसल्या असत्या, म्हणून काही सांगितलं नाही. पण अंथरुणावर पडल्या पडल्या दुसरीही बाजू लक्षात यायला लागली. वडील ज्याला मादी म्हणून सोडत होते तो कुणाचा तरी बाप होता. अंडी पडलेली असतील आणि तो फासात अडकला असंल, तर तो मेल्यावर ती अंडी थंड पडली असती. पिल्लं असती तर ती उन्हात सुकली असती, कारण मादी तर केव्हाच गेलेली. म्हणजे वडिलांनी पुढच्या सालासाठी जे सोडलं ते चुकीच्या नावानं, पण ज्याच्यावर त्या वेळी पिल्लं टिकून होती तेच सोडलं. आणि काळ्या गळ्याची मारली म्हणजे पुढची दोन-तीन घरटी गेली. नफा काय, तोटा काय, मला मांडता येईना. सावकाराच्या वहीसारखं ते जुळत नव्हतं.

थोरले भाऊ नव्वदीच्या जवळ आहेत. त्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "मंजी आपन उलटं क्येलं?"

"निम्मं उलटं," मी म्हणालो.

"आबांना सांगू नको," ते म्हणाले. वडील जाऊन तेहेतीस वर्षं झालीत.

त्यानंतर मी लाव्ह्यांचे जुने फोटो सगळे परत काढून बघितले. तीसेक होते. आधी मी सगळ्यांखाली 'लाव्ही' एवढंच लिहिलं होतं. आता पहिल्यांदा पाय बघितला, मग डोळा. ज्यात तीन बोटं आणि पांढरट डोळा, ती वेगळी काढली. राहिल्यांत एका फोटोत दहा-बारा पाखरं एकत्र गोल करून बसलेली होती, ती झुडपातली लाव्ही. तिची सवयच तशी, घोळक्यानं राहायचं आणि पायाखाली आल्यावर एकदम चहूकडं उधळायचं. तिच्या नराच्या छातीवरही काळ्या आडव्या रेघा असतात, म्हणून नुसत्या रेघा बघून तीन बोटांची म्हणून चालत नाही. तिची मादी खालून साधी, लालसर तपकिरी, रेघा नसलेली. इथं मात्र फिकट ती मादीच.

मग राहिल्या साध्या लाव्ह्या. पावसाळी लाव्ह्याचा नर छातीवरच्या काळ्या डागानं ओळखू येतो. पण त्याची मादी आणि हिवाळ्यात लांबनं येणारी लाव्ही या दोघी शेजारी ठेवल्या तरी माझ्यासारख्याला फरक सांगता येत नाही. पंखाच्या मोठ्या पिसांवर बाहेरच्या कडंला पट्टे असतील तर ती पाहुणी, साधी असतील तर पावसाळी. पण मिटलेल्या पंखाच्या मोबाईलवरच्या फोटोत ते कुणाला दिसणार? महिना बघून अंदाज बांधता येतो, पौषात हरभऱ्यात दिसली तर पाहुणी असायची शक्यता जास्त. पण तो अंदाजच. अशा सात फोटोंखाली मी 'साधी लाव्ही, मादी, पुढचं सांगता येत नाही' असं लिहून ठेवलंय.

नातीच्या फोटोखालचं 'बरोबर' मी खोडलं नाही. मोबाईलवर ते खोडता येतं म्हणतात, पण राहू दिलं. त्याखाली दुसरं लिहून पाठवलं, "बाप आणि त्याची तीन पिल्लं. जात लाव्हीची नाही. पायाला तीन बोटं."

परवा भाद्रपदात तिनं आणखी एक पाठवला, डॉक्युमेंट करून. मटकीच्या वेलात एक मातकट पाठ, डोकं वेलाखाली, पाय नाहीत, डोळा नाही, शेजारी ठिबकची नळी. नळीवरनं पंधरा सेंटिमीटर भरलं. तिनं विचारलं होतं, "आबा, आई का बाप?"

मी चष्मा लावून दहा मिनिटं बघितलं आणि लिहिलं, "लाव्हीएवढं काहीतरी आहे. पाय दाखव."